कमरपट्टा किती लांबीचा घ्यायचा? आधी साडी कुठे बसते ते बघा

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच जवळपास ठेवलंय.

एक प्रश्न. तुमच्या कमरेचं माप किती? पटकन सांगा, विचार न करता.

बहुतेक जणी म्हणतील २८, ३०, ३२. आणि हा आकडा बहुतेक वेळा जीन्सच्या लेबलवरचा असतो. आता जीन्सचं ३० म्हणजे तुमचं शरीर ३० इंच, असं काही नाही. दोन ब्रँडच्या ३० मध्ये इंच-दीड इंचाचा फरक सहज निघतो. दुसरा आकडा असतो ब्लाउज शिवणाऱ्या ताईंच्या वहीत. तिथेही 'कंबर' लिहिलेलं असतं, पण ती कंबर म्हणजे ब्लाउज जिथे संपतो ती रेघ, छातीच्या जरा खाली. तिचा आणि आपल्या खऱ्या कमरेचा काही संबंध नाही.

आणि कमरपट्टा या दोन्ही जागी बसत नाही. म्हणून काय होतं? आपण ऑनलाइन ३० इंची पट्टा मागवतो आणि तो साडीवर लागतच नाही. किंवा लागतो, पण दहा मिनिटांत वर सरकून पोटावर येऊन बसतो. मग आपण म्हणतो, पट्टाच वाईट होता. पट्ट्याचा काही दोष नसतो हो. तो जिथे बसायला हवा तिथेच गेलेला असतो. कसं ते सांगते.

आधी जागा नक्की करू. साडीच्या बाबतीत कंबर म्हणजे दोन वेगळ्या रेघा असतात. पहिली, शरीराचा सगळ्यात बारीक भाग. एका बाजूला वाकलं की कुशीत घडी पडते ना, तो खळगा. दुसरी रेघ म्हणजे परकराची नाडी. साडी बसते ती या नाडीवर. निऱ्या तिथे खोचतो, पहिला वेढा तिथे खोचतो. काही जणी नाडी बेंबीच्या वर बांधतात, काही जणी बेंबीखाली दोन-तीन इंच. म्हणजे दोघींची जीन्स एकाच नंबरची असली तरी साडीची कंबर वेगळी असू शकते.

आता पारंपरिक कमरपट्टा साधारण या नाडीच्या रेघेवर येतो. खोचलेल्या निऱ्यांची वरची कड आणि नाडीच्या गाठीचा उंचवटा, दोन्ही त्याखाली झाकले जातात. हल्ली 'साडी बेल्ट' म्हणून जो प्रकार आलाय, तो मात्र बऱ्याचदा वरच्या खळग्यात लावतात, पदराच्या वरून, पदर अंगाशी दाबून धरायला. दोन्ही छान दिसतात. पण दोघांची लांबी वेगळी, आणि फरक थोडाथोडका नाही. चार-सहा इंचांचा असू शकतो.

मी एक खरं उदाहरण घेते, म्हणजे हवेत बोलणं नको. माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. तिला आमच्या आजीचा चांदीचा कमरपट्टा घालायचा होता. सपाट साखळीचा, बोटभर रुंद, पुढे एक पदक, एका टोकाला एस हुक आणि दुसऱ्या टोकाला तीन कड्या, एकेक इंचावर. आजी आयुष्यभर नऊवारी नेसली आणि पट्टा बरोबर कमरेच्या खळग्यात घालायची. बहीण सहावारी पैठणी नेसणार होती, नाडी बेंबीखाली. सगळ्यात बाहेरच्या कडीत हुक अडकवूनही पट्टा नाडीच्या रेघेवर लागेना. मावशी म्हणाली, "अगं, वजन वाढलंय तुझं, दुसरं काय!" बहिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

वजनाचा काहीच प्रश्न नव्हता. आम्ही मापं घेतली. अंगावर, साडीशिवाय, खळग्यात माप आलं २९ इंच. नाडीच्या रेघेवर ३४. या दोन रेघांमधलं उभं अंतर होतं साडेचार इंच. म्हणजे साडेचार इंच खाली गेलं की घेर पाच इंचांनी वाढला. वजन वाढलेलं नाही, फक्त जागा बदलली.

मग तीच मापं पैठणी नेसून घेतली. खळग्यात, पदरावरून ३१. नाडीच्या रेघेवर ३७! तिथे तीन इंच वाढले, कारण त्या रेघेवर परकराचा नेफा आहे, नाडी आहे, साडीचा वेढा आहे, त्याचा आत खोचलेला भाग आहे, आणि पुढे निऱ्यांचा गठ्ठा. जॉर्जेट असती तर ही वाढ कमी झाली असती. पैठणीचा काठ जड आणि ताठ, तो दबत नाही. सांगायचं एवढंच की अंगावरचं माप आणि साडीवरचं माप यांत किती फरक पडेल हे त्या साडीवर अवलंबून आहे. 'दोन इंच जास्त घ्या' असा सरसकट सल्ला म्हणूनच मला पटत नाही. साडी नेसा आणि मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता मघाचा प्रश्न. पट्टा वर का सरकतो?

आपलं शरीर खळग्यापासून खाली नितंबांपर्यंत रुंद होत जातं. उलटा ठेवलेला पेपर कप डोळ्यांसमोर आणा, वर अरुंद, खाली रुंद. त्या कपावर एक रबरबँड मध्ये ताणून चढवा. तो कुठे जातो? वर, अरुंद भागाकडे, कारण तिथे त्याला कमी ताणावं लागतं. आणि रबरबँडऐवजी एक सैल बांगडी सोडली तर ती खाली घसरत जाते, आणि जिथे कपाचा घेर तिच्या घेराएवढा होतो तिथे थांबते. कमरपट्ट्याचं अगदी हेच होतं. घट्ट असेल तर वर चढतो, सैल असेल तर खाली उतरतो, आणि ज्या उंचीवर तुमचा घेर त्याच्या लांबीएवढा असतो तिथे जाऊन स्थिरावतो.

म्हणजे आपण काय समजतो? मी पट्टा इथे घातला, आता तो इथेच राहील. तसं नसतं. तुम्ही हुक कितव्या कडीत लावला यावरून पट्टा कुठे बसणार हे ठरतं.

बहिणीच्या आकड्यांवर हे लावून बघा. साडीवरून खळग्यात ३१, नाडीवर ३७. सहा इंचांचा फरक, साडेचार इंच उंचीत. म्हणजे लांबी एक इंचाने बदलली की पट्टा साधारण पाऊण इंच वर किंवा खाली जाणार. आजीच्या पट्ट्याची लांबी सगळ्यात बाहेरच्या कडीवर ३३ होती. ३१ पेक्षा दोन इंच जास्त, म्हणजे तो खळग्याच्या दीड इंच खाली बसणार. नाडीपासून तीन इंच वर. ना धड खळग्यात, ना धड साडीच्या काठावर. आणि अगदी तसंच झालं होतं. तिने तो खेचून खाली घेतला होता, पण चार पावलं चालली की परत वर. (हा हिशोब अगदी काटेकोर नाही, शरीर म्हणजे काही सरळ कप नव्हे. खळग्याच्या जवळ घेर हळू वाढतो आणि खाली गेल्यावर झपाट्याने. पण अंदाजाला पुरतो.)

तर आता माप कसं घ्यायचं. ज्या दिवशी नेसणार तीच साडी, तोच परकर, तोच ब्लाउज. साडी नीट पिनअप करून. मग न ताणली जाणारी एखादी दोरी घ्या. परकराची जुनी नाडी चालते, मिठाईच्या बॉक्सची फीत चालते, आणि काहीच नसेल तर फोनची चार्जिंग केबल घ्या, एक मीटरवाली. एक मीटर म्हणजे ३९ इंचांच्या वर, बऱ्याच जणींना पुरते. इलॅस्टिक मात्र नको.

मेजरिंग टेप थेट का नको? कारण टेप आपण नकळत आडवा, जमिनीला समांतर धरतो. साडीची रेघ समांतर नसते. बहुतेक जणींची नाडी मागे वर आणि पुढे खाली असते. पट्टाही त्याच तिरप्या रेघेवर बसणार. दोरी सैल सोडली की ती स्वतःहून त्या रेघेवर बसते, टेप तितका सहज वळत नाही. दोरी कापडाला टेकली पाहिजे, दाबली नाही पाहिजे. पोट आत घेऊ नका. खरंच, इथे कोणी फोटो काढत नाहीये. दोरी जिथे जुळते तिथे पेनाने खूण करा.

मग तशाच, दोरी धरून, खुर्चीत बसा. आणि नंतर जमिनीवर, मांडी घालून. दोरीची टोकं आता दूर गेलेली दिसतील. दुसरी खूण तिथे. बहिणीची पहिली खूण ३७ वर होती आणि मांडी घातल्यावर दुसरी साडेअडतीसवर. लग्नात हा दीड इंच फार महत्त्वाचा, कारण नवरी उभी असते फोटोंपुरती, बाकी वेळ पाटावर बसलेली असते, होमासमोर. ३७ वर घट्ट लावलेला पट्टा बसल्यावर पोटात रुततो, आणि ताण जास्त झाला की सगळ्यात कमजोर जागी तुटतो. ती जागा म्हणजे शक्यतो हुकाजवळची कडी.

दोरी मग जमिनीवर सरळ ठेवून मोजा. पट्टाही तसाच मोजायचा: जमिनीवर सरळ, हुकाच्या आतल्या वळणापासून कडीच्या आतल्या कडेपर्यंत. हुकाच्या बाहेरच्या टोकापासून मोजलं तर अर्धा-पाऊण इंच जास्त दिसतो, जो अंगावर कधी मिळत नाही.

तर बहिणीला लांबी हवी होती ३७ ते साडेअडतीस, आणि हातात होता ३३ चा पट्टा. मावशी तो घेऊन सराफाकडे गेली. मीही सोबत होते. सराफकाका अनुभवी माणूस. त्यांनी पट्टा हातात घेतला आणि म्हणाले, "मागून कापतो, चार इंच पट्टी घालतो, वरून पॉलिश करतो. कळणार पण नाही."

आणि इथे बहीण अडून बसली. तिचं म्हणणं असं, की पट्टा एकदा चार इंचांनी वाढला की त्याची सगळ्यात आखूड लांबी ३५ होणार. मग मावशीला तो खळग्यात घालता येणार नाही, आणि पुढे घरात कोणी नऊवारी नेसली तर तिलाही नाही. शिवाय आजीच्या हातचा, आजीच्या मापाचा पट्टा कापायचा म्हणजे... तिला ते नकोच होतं. मावशी म्हणाली, "अगं, पण मग घालणार कसा?"

उत्तर साधं होतं. वेगळा तुकडा करून घ्यायचा. एका टोकाला हुक, पुढे कड्यांची साखळी, एकूण सहा इंच. तुकड्याचा हुक जुन्या पट्ट्याच्या शेवटच्या कडीत अडकणार, आणि जुन्या पट्ट्याचा हुक तुकड्याच्या हव्या त्या कडीत. गळ्यातल्या चेनला जशी मागे एक्स्टेंडर साखळी लावतात, तसंच. तुशीला मागे दोरी असते ना सरकवायची, तिचंही काम हेच. जुन्या पट्ट्याला हातसुद्धा लावायचा नाही.

मी वहीच्या पानावर काढून दिलं. तुकड्यात दोन इंचांपासून पुढे सहा इंचांपर्यंत, दर अर्ध्या इंचाला एक मोठी कडी. म्हणजे एकूण लांबी ३५ ते ३९, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या पायऱ्यांनी. काकांनी विचारलं, "एवढ्या कड्या कशाला? इंचावर एक पुरे." पण मघाचा हिशोब आठवा: एक इंच लांबी म्हणजे पाऊण इंच उंची. पट्टाच बोटभर रुंद. तो पाऊण इंच वर गेला तर खालून निऱ्यांची कड दिसायला लागते. अर्ध्या इंचाची पायरी असली की पट्टा जेमतेम एक सेंटिमीटर हलतो, ते डोळ्याला कळत नाही. रेडीमेड पट्टा घेतानाही हे बघा. किती लांब होतो हे सगळे बघतात, दोन कड्यांमध्ये अंतर किती हे कोणी बघत नाही.

आता हुकाबद्दल, कारण पट्टे हरवतात ते हुकामुळे.

एस हुक म्हणजे इंग्रजी एस अक्षरासारखी वाकवलेली तार. जुन्या चांदीच्या पट्ट्यांना हाच असतो. दिसायला साधा, मजबूत, वर्षानुवर्षं टिकतो. पण त्याची एक अट आहे: तो ताणावर धरतो. साखळी ओढलेली असेल तोपर्यंत तो निघत नाही. तुम्ही बसलात, पट्टा ताणला. उठलात, ताण गेला, साखळी सैल झाली, आणि नेमकं त्या क्षणी कडी हुकाच्या तोंडातून बाहेर सरकू शकते. म्हणून एसचं उघडं तोंड किती रुंद आहे हे तपासायचं. कडीची तार जितकी जाड, तोंड त्याच्या इतकंच हवं, कडी जरा दाबूनच आत जायला हवी. जास्त उघडलेलं असेल तर सराफाकडे पकडीने दाबून मिळतं, दोन मिनिटांचं काम. घरी करायला जाऊ नका. जुनी चांदी पुन्हा पुन्हा वाकवली की तिथेच तडकते.

आमच्या तुकड्यात उलटा धोका होता. आजीच्या पट्ट्याचा हुक चांगल्या जाड तारेचा होता, अडीच मिलिमीटर. आजकालच्या तयार साखळ्यांच्या कड्या नाजूक असतात, त्यात तो हुक शिरलाच नसता. म्हणून कड्या आतून पाच मिलिमीटरच्या करून घेतल्या. एक्स्टेंडर करायला देताना मूळ दागिना सोबत न्या, फोटो पाठवून हे काम होत नाही.

दुसरा प्रकार लॉबस्टर हुक, खेकड्याच्या नांगीसारखा, बारीक खटका दाबून उघडायचा. आत स्प्रिंग असते, त्यामुळे ताण गेला तरी तो उघडत नाही. सुरक्षित आहे. त्रास एकच, खटक्याचं टोक बारीक असतं आणि ते जरीत अडकतं. पैठणीच्या पदरातून एक जरीची तार ओढली गेली की ती परत बसवता येत नाही. तपासायची सोपी पद्धत सांगते: हुक एखाद्या जुन्या शिफॉनच्या ओढणीवरून दोन्ही दिशांनी फिरवा. ओढणीचा धागा अडकला तर जरीही अडकणार. मग हुकाखाली कापडाचा एक छोटा तुकडा ठेवायचा, बस. वेल्क्रोवाले कापडी बेल्ट येतात तेही इथेच गोत्यात येतात. वेल्क्रोला कड्यांच्या पायऱ्या नाहीत, हवा तिथे चिकटवता येतो, ही मोठी सोय. पण त्याची खरखरीत बाजू जराही उघडी राहिली की रेशीम खेचते.

आणि कड्या. कडी म्हणजे तार गोल वाकवून केलेलं वळं. तिचा जोड सोल्डर करून बंद केलेला असेल तर ती टिकते. नुसती टोकाला टोक लावून ठेवली असेल तर ताणाने हळूहळू उघडते. स्वस्त पट्ट्यांमध्ये सर्रास अशाच असतात. फोनचा कॅमेरा झूम करून बघा, जोडावर केसासारखी फट दिसली तर ती कडी उघडी आहे. एकूण दोन-तीनच कड्यांवर सगळा भार येतो, हुकाच्या आणि तिच्या शेजारच्या. तेवढ्या सोल्डर करून घेतल्या तरी पुष्कळ.

लग्नाच्या दिवशी बहिणीने पट्टा ३८ वर लावला. ३७ नाही, साडेअडतीस नाही. उभं असताना तो नाडीच्या रेघेच्या किंचित खाली आला, बसल्यावर जरासा ताणला, पण रुतला नाही. तो आणखी खाली घसरू नये म्हणून दोन्ही कुशींवर एकेक सेफ्टी पिन लावली, आतल्या बाजूने. पिन नुसत्या साडीला लावायची नाही हं! रेशमाचं कापड पट्ट्याच्या वजनाने तिथे फाटतं. पिन साडीतून घेऊन परकराच्या नेफ्यात घालायची, आणि पट्ट्याची एक कडी तिच्यात ओवायची. भार नेफ्यावर जातो. हुक ठेवला पाठीवर, मध्यापासून थोडा डावीकडे. पदर डाव्या खांद्यावरून मागे पडतो, त्याच्याखाली हुक, एक्स्टेंडर आणि उरलेलं साखळीचं शेपूट, सगळं झाकलं गेलं. नव्या चांदीचा आणि जुन्या चांदीचा रंग जुळत नव्हता, तेही कोणाला दिसलं नाही. आणि गंमत म्हणजे हुक जरा बाजूला असला तरी पुढचं पदक मध्येच राहतं. ते तुम्ही पुढून सरळ ठेवलंत की झालं, मागे साखळी कुठेही जुळो.

हे सगळं अरुंद पट्ट्याचं झालं. रुंद पट्ट्यात, म्हणजे दोन इंच किंवा त्याहून जास्त, एक वेगळीच भानगड आहे. दाक्षिणात्य लग्नांत जो भरगच्च सोन्याचा वड्डाणम घालतात, त्याच्या धर्तीचे इमिटेशनचे पट्टे आता आपल्याकडेही खूप दिसतात. पुन्हा तो कप आठवा. दोन इंच रुंद पट्ट्याची वरची कड आणि खालची कड वेगवेगळ्या उंचीवर आहेत, म्हणजे वेगवेगळ्या घेरांवर. बहिणीच्या मापात दोन इंच उंचीला अडीच इंचांहून जास्त फरक पडतो. सरळ, सपाट पट्टी खालच्या कडेच्या मापाने लावली तर वरची कड अंगापासून सुटते आणि फट दिसते. वरच्या मापाने लावली तर खालची कड रुतते आणि पट्टा वर चढतो. नुसती लांबी बदलून हे सुटत नाही. म्हणून असा पट्टा घेताना दोन गोष्टींपैकी एक तरी हवी: एकतर तो छोट्या छोट्या तुकड्यांचा, बिजागरीसारखा जोडलेला, जरा वळण दिलेला असावा. नाहीतर मागे दोन हुक असावेत, एक वर आणि एक खाली, म्हणजे वरचा एक-दोन कड्यांनी जास्त आवळता येतो. दोन्ही नसेल तर तो पट्टा खळग्यातच घाला. तिथे वर आणि खाली घेर जवळपास सारखा असतो, त्यामुळे फट पडत नाही.

ऑनलाइन घेताना 'फ्री साइज, अ‍ॅडजस्टेबल' वाचून थांबू नका. पुढचा घट्ट भाग किती इंच आणि मागची साखळी किती इंच, हे दोन आकडे शोधा. पुढचा भाग ३० आणि साखळी ८ असेल तर तो ३८ पर्यंत जातो हे खरं, पण ३० च्या आत कधीच येत नाही. २८ च्या खळग्यावर तो लोंबत खाली येणार, कितीही हुक आवळा. बारीक मुलींच्या तक्रारी बहुतेक इथल्याच असतात. मोठ्या मापाला एक्स्टेंडर लावता येतो, पण घट्ट भाग आखूड करायचा तर कापावाच लागतो. त्यामुळे दोन पट्ट्यांत अडकलात तर पुढचा भाग ज्याचा लहान आहे तो घ्या.

एक प्रश्न हमखास येतो म्हणून शेवटी तोही घेते: अर्धा कमरपट्टा, जो फक्त पुढे लावतात, त्याचं माप काय? त्याला घेराशी देणंघेणं नाही, कारण तो पूर्ण वेढा घेतच नाही, दोन टोकांना लटकतो. डाव्या कुशीवर जिथे पिन लावणार तिथून उजव्या कुशीपर्यंत दोरी पुढून हवी तेवढी झोळ देऊन सोडा आणि ती मोजा. त्याला हुकाच्या पायऱ्यांची गरज पडत नाही. फक्त वजन दोनच जागांवर येतं, त्यामुळे पिना इथेही नेफ्यात.